‘एकलीच’ कोण? : एका प्रतिक्रियेला उत्तर

कवितेत बोलणारा ‘मी’ म्हणजे कवीच असं धरू नका, असं मी मागे लिहिलं होतं. त्यावर एका वाचकाची ही प्रतिक्रिया : “पांडित्य पुरे झालं. कवी स्वतःच्या मनातलंच लिहितो, मग कवितेतला ‘मी’ वेगळा काढायचा कशाला? शिवाय भारुडाला तुम्ही अभंग म्हटलंय. आजच्या कवींवर कधी लिहिणार?”

भारुडाला अभंग म्हटलं ही माझी चूक, दुरुस्त केली आहे. आजच्या कवींचा विषय इथे नको. पण ‘पांडित्य पुरे झालं’ हे मला लागलं. मतभेद मी ऐकून घेतो. समोरच्याला गप्प बसवणारा हा सूर मात्र कशासाठी?

तुमच्याच रीतीने एकनाथांचं ‘सत्वर पाव गे मला’ हे भारुड वाचून बघा. सासरा गावी गेलाय, ‘तिकडेच खपवी त्याला’ असं भवानीला मागणं आहे. मग सासू, जाऊ, नणंदेचं पोर, आणि थेट ‘दादला मारून आहुती देईन, मोकळी कर गे मला’. हे एकनाथांचं मनोगत म्हणायचं का? ‘मोकळी’ या एका रूपावरून कळतं की बोलणारी जाचलेली सून आहे.

तिथवर तुम्हीही याल. खरी अडचण शेवटच्या ओळीत आहे : ‘एका जनार्दनी सगळेचि जाऊ दे, एकलीच राहू दे मला.’ गुरूच्या नावासकट आलेली ही एकनाथांची नाममुद्रा, म्हणजे इथे कवी स्वतः पुढे येतो. तरी ‘एकलीच’ स्त्रीलिंगीच राहतं! सून बोलायची थांबलेली नाही. तिच्या तोंडी या ओळीचा अर्थ जाचातून सुटका. कवीच्या नावाखाली तेच शब्द देहाला चिकटलेली सगळी नाती गळून पडण्याची मागणी होतात. दोघांना एकच धरलंत तर संतांनी घरच्यांना दिलेला शाप उरतो. सुनेला पुसून नुसतं अध्यात्म वाचलंत तर तिचा संताप जातो, आणि ऐकणारे जिथे हसतात ती जागाही जाते. नाममुद्रा रचणारा कोण ते सांगते. ‘हे मी भोगलं’ असा दाखला ती देत नाही.

आणि हे मी पुस्तकांतून शिकलेलो नाही. चोविसाव्या वर्षी मी एका कार्यक्रमात माझी एक कविता वाचली होती. मेलेल्या बापावर रागावलेला मुलगा त्यात बोलतो. कार्यक्रम संपल्यावर दोघांनी माझं सांत्वन केलं. वडील दुसऱ्या रांगेत बसले होते. घरी येईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत, मग म्हणाले, “माझ्यावर एवढा राग आहे तुझा?” त्या मुलाची भीती माझी होती, राग माझा नव्हता. हे त्यांना समजावताना माझी किती दमछाक झाली ते मला ठाऊक आहे. तुम्ही त्याला पांडित्य म्हणता.

पुन्हा लिहाल तेव्हा ‘एकलीच’ हा शब्द कुणाचा, एवढं सांगा. माझ्या पांडित्याचं माप काढायची गरज नाही.