पेंडिंग ट्रान्झॅक्शनचा तो फॉरवर्ड: ऐकलात तर दोनदा पैसे जातील

«ईथेरियमवर ट्रान्झॅक्शन पेंडिंग अडकलंय? टेन्शन नको. १) तेच पेमेंट जास्त गॅस लावून परत पाठवा, नवीन आधी जाईल आणि जुनं आपोआप रद्द होईल. २) गॅस लिमिट डबल करा. ३) तरी नाही झालं तर वॉलेटची हिस्टरी क्लिअर करा, कॅन्सल झालं समजा. ४) काहीच नाही केलं तरी २४ तासांत पैसे परत येतात. सगळ्यांना पाठवा.»

पहिल्या मुद्द्यावर जरा जास्त वेळ घालवतो कारण बाकीचे तीन फारतर वेळ खातात, हा मात्र पैसे खातो.

तुमच्या अकाउंटवरून निघणाऱ्या प्रत्येक ट्रान्झॅक्शनला एक नंबर असतो, नॉन्स म्हणतात त्याला. पहिल्याचा ०, मग १, मग २, असं चालू. नेटवर्क एका अकाउंटचे ट्रान्झॅक्शन फक्त याच क्रमाने घेतं, मधला एक नंबर राहिला तर पुढचा कितीही फी देत असू दे, तो थांबणार म्हणजे थांबणार. हे उगाच नाहीये, सही केलेलं तेच ट्रान्झॅक्शन कोणी उचलून परत चालवू नये म्हणून ही सोय आहे. आता «परत पाठवा» केलं की वॉलेट काय करतं, गुपचूप पुढचा नंबर लावतं. म्हणजे जुनं रद्द झालंच नाही, त्याच्या मागे अजून एक येऊन उभं राहिलं.

आकडे घेऊन बघू. मॅक्स फी म्हणजे गॅसच्या एका युनिटला तुम्ही जास्तीत जास्त किती देणार, बेस फी म्हणजे नेटवर्कचा त्या वेळचा किमान दर, टिप म्हणजे ब्लॉक बनवणाऱ्याला वरून दिलेले, आणि ग्वेई म्हणजे ईथचा एक अब्जांश भाग. समजा तुम्ही ०.५ ईथ पाठवलेत, नॉन्स ४२, मॅक्स फी १२ ग्वेई, त्यात टिप १ ग्वेई. सही करताना बेस फी १० होती, तेवढ्यात गर्दी झाली आणि बेस फी २५ वर गेली. १२ मध्ये २५ कसे बसणार, म्हणून अडकलं. मग फॉरवर्ड वाचून तेच ०.५ ईथ परत पाठवले, मॅक्स ६०, टिप २. हे गेलं नॉन्स ४३ वर. ६० ग्वेईची तयारी असूनही हलत नाही, कारण पुढे ४२ दार अडवून बसलाय. आता रात्री गर्दी ओसरली, बेस फी ९ वर आली, की आधी ४२ जातो आणि त्याच्या मागोमाग ४३. झालं, ०.५ चे १ ईथ गेले आणि समोरच्याने परत दिले तरच येणार. तुम्ही ४२ वर «Speed Up» दाबलंत तरी हेच होणार, फक्त लवकर होणार.

तर अशा वेळी आधी रांगेत किती आहेत ते बघा. गेथ हे नोड, म्हणजे नेटवर्कमधला एक कॉम्प्युटर, चालवायचं सॉफ्टवेअर. त्याच्या कन्सोलमध्ये, addr च्या जागी स्वतःचा पत्ता कोटमध्ये टाकून, असं:

```
eth.getTransactionCount(addr, "latest")   // 42
eth.getTransactionCount(addr, "pending")  // 44
```

पहिला आकडा म्हणजे ब्लॉकमध्ये पक्के झालेले किती, म्हणजे पुढचा लागणारा नंबर ४२. दुसऱ्यात त्या नोडच्या रांगेतले पण मोजलेत. फरक दोनचा, म्हणजे दोन पेंडिंग आहेत. कन्सोल नसेल तर ब्लॉक एक्सप्लोररवर, म्हणजे नेटवर्कवरचे ट्रान्झॅक्शन दाखवणाऱ्या वेबसाइटवर, स्वतःचा पत्ता टाकून पेंडिंगपैकी सगळ्यात लहान नॉन्स कोणता ते बघा, खरा अडथळा तोच.

जुनं खरंच बदलायचं असेल तर त्याच नंबरवर, म्हणजे ४२ वरच, दुसरं ट्रान्झॅक्शन टाकावं लागतं. «Speed Up» म्हणजे तोच नॉन्स, तेच पेमेंट, फी जास्त. «Cancel» म्हणजे तोच नॉन्स, पण स्वतःच्याच पत्त्यावर ० ईथ. नेटवर्कला कॅन्सल नावाचं काही माहीत नाही बरं का, एका नंबरवर दोघं आले की एकच ब्लॉकमध्ये जातं आणि दुसरं आपोआप बाद, एवढंच. वर सांगितलेल्या केसमध्ये मी ४२ च्या जागी ० ईथवालं टाकेन आणि ४३ ला जाऊ देईन, त्याची फी भरपूर आहेच, पेमेंट एकदाच होतं.

फी किती लावायची यात लोक चुकतात, कारण इथे दोन वेगळ्या अटी आहेत. एक अट नोडची: गेथमध्ये डिफॉल्ट असं की बदली ट्रान्झॅक्शनची मॅक्स फी आणि टिप दोन्ही निदान १० टक्के वाढलेल्या पाहिजेत, एकच वाढवून चालत नाही, नाहीतर `replacement transaction underpriced` असं तोंडावर येतं. आपल्या ४२ साठी ते होतं १३.२ आणि १.१. नोड घेईल, पण बेस फी २५ असताना १३.२ चा काय उपयोग, ते पण अडकणार. दुसरी अट बाजाराची: मॅक्स फी आत्ताच्या बेस फीच्या वर हवी, आणि थोडी जागा सोडून, कारण बेस फी दर ब्लॉकला जास्तीत जास्त १२.५ टक्के वाढू शकते आणि ब्लॉक येतो १२ सेकंदांनी. म्हणून मी २५ चे दुप्पट अधिक टिप २, असे ५२ लावेन, सलग सहा ब्लॉक भरून आले तरी पुरतं. जास्त कापतील ही भीती नको, मॅक्स ही फक्त वरची मर्यादा. बेस फी २५ च राहिली तर २१,००० गॅस गुणिले २७ ग्वेई, म्हणजे ०.०००५६७ ईथ जातात. पण ५२ च्या हिशोबाने लागणारे ०.००१०९२ ईथ खात्यात शिल्लक असायला हवेत, आणि ४३ चे पैसे धरून, नाहीतर नोड बदली घेणारच नाही. सगळं ईथ पाठवून खातं कोरडं करणारे इथेच अडकतात.

गॅस लिमिटचं थोडक्यात. लिमिट म्हणजे काम किती करू द्यायचं, फी म्हणजे त्या कामाच्या एका युनिटला किती देणार. साधं ईथ पाठवायला २१,००० गॅस लागतात, लिमिट ४२,००० केलीत म्हणून कोणी तुम्हाला आधी घेणार नाही. स्मार्ट कॉन्ट्रॅक्टच्या कामात लिमिट कमी पडली तर ट्रान्झॅक्शन ब्लॉकमध्ये जाऊन फेल होतं, फी जाते, नॉन्स पण वापरला जातो. तो आजार वेगळा, पेंडिंग नव्हे.

हिस्टरी क्लिअर केल्याने तुमच्या फोनमधली यादी पुसली जाते. सही केलेलं ट्रान्झॅक्शन जगभरच्या नोडवर पडलेलं असतं, ते तुमचं ऐकत नाही. वॉलेटचा स्वतःचा नॉन्सचा हिशोब बिघडला असेल तेव्हा या बटणाचा उपयोग होतो खरा, पण मग वॉलेटला ४२ आठवत नाही आणि «Speed Up» चं बटण पण गायब, नॉन्स हाताने टाकावा लागतो.

आणि २४ तासांचं, पैसे परत यायला आधी गेले पाहिजेत ना! पेंडिंग असताना ईथ तुमच्याच खात्यात असतं, फीसुद्धा कापलेली नसते, फारतर वॉलेट कमी करून दाखवतं. ठरावीक मुदत नेटवर्कमध्ये नाहीच. प्रत्येक नोड आपापल्या जागेप्रमाणे कमी फीवाले टाकून देतो, पण एकाने टाकलं म्हणून दुसऱ्याने टाकलंच असं नाही, आणि सही अजून चालू असल्यामुळे कोणीही ते परत पसरवू शकतो. एक्सप्लोररवरून गायब झालं म्हणून मेलं असं धरू नका, ४२ नंबर दुसऱ्या कशाने तरी भरला गेला की मगच ते मेलं.

कॅन्सल पाठवल्यावर `nonce too low` आलं तर समजा उशीर झाला, ४२ नंबर आधीच ब्लॉकमध्ये गेलाय. मग परत कॅन्सल मारत बसू नका. आधी ४२ वर नक्की काय गेलं ते एक्सप्लोररवर बघा, आणि जुनंच पेमेंट गेलं असेल तर लगेच ४३ च्या मागे लागा, ६६ आणि २.२ च्या खाली न जाता, तो अजून पेंडिंग असला तर.