रेसिप्रोकल लॅटिसची ‘10 सेकंदांची ट्रिक’ आणि तिने केलेला घोळ

“रेसिप्रोकल लॅटिस काढायची 10 सेकंदांची ट्रिक. a1, a2 च्या दिशा तशाच ठेवा, लांबी फक्त 2π/a करा. 2π नाही लिहिलं तरी चालतं. डिफ्रॅक्शनला ब्रॅगचं सूत्र पुरतं, बाकी सगळं परीक्षेपुरतं. एम.एस्सी.वाल्यांनो, पुढे पाठवा!”

पाठवलंच लोकांनी. सांगली-साताऱ्याचे ग्रुप फिरून ते आता भाचीच्या वहीत लाल चौकटीत जाऊन बसलंय, म्हणून हा खटाटोप.

दिशांचं आधी बघू, कारण खरा घात तिथेच आहे. दोन्ही सदिशांमध्ये 90 अंश असतील तर ट्रिक बरोबर येते, एवढं कबूल. कोन बदलला की संपलं. a1, a2 हे मूळ जाळीचे सदिश आणि b1, b2 हे रेसिप्रोकल लॅटिसचे; व्याख्या अशी आहे की a1·b1 = 2π आणि a2·b1 = 0. म्हणजे b1 हा a2 ला लंब असलाच पाहिजे. a1 कडे त्याचं तोंड असायची काही सक्ती नाही.

निकेलचा (111) पृष्ठभाग घ्या. शेजारच्या अणूंतलं अंतर 2.49 अँगस्ट्रॉम, रचना षट्कोनी. a1 = (2.49, 0) आणि a2 = (1.245, 2.156). पहिल्यांदा पेशीचं क्षेत्रफळ काढा: 2.49 × 2.156 = 5.37. मग a2 चे घटक उलटे लिहा, एकाचं चिन्ह बदला, 2π ने गुणा आणि क्षेत्रफळाने भागा:

```
b1 = 2π (2.156, -1.245) / 5.37 = (2.52, -1.46)
b2 = 2π (0, 2.49) / 5.37 = (0, 2.91)
```

दोघांचीही लांबी 2.91. ट्रिकचं उत्तर मात्र (2.52, 0). हा b1 चा नुसता x-घटक झाला, y-घटक गिळला. आता a2 शी गुणाकार करून बघा: 1.245 × 2.52 = 3.14. शून्य यायला हवं होतं, आलं π. म्हणजे ट्रिक जिथे ठिपका दाखवते तिथे शेजारच्या ओळीतून येणारी लाट बरोबर उलट्या कलेत पोचते आणि दोन्ही एकमेकींना मारून टाकतात. तिथे अंधार असतो! तरी चूक कुणाला दिसत नाही, कारण चुकीच्या उत्तरातूनही षट्कोनच निघतो. फक्त 30 अंशांनी फिरलेला आणि साडेतेरा टक्क्यांनी लहान.

यावर वाद घालायचा तर डेव्हिसन आणि जर्मर यांच्याशी घाला. 1927 सालचा त्यांचा निकेलवरचा प्रयोग बी.एस्सी.लाच शिकवतात: 54 व्होल्ट, 50 अंश. डिफ्रॅक्शनची अट सोपी आहे. लाटेच्या तरंगसदिशाचा पृष्ठभागाला समांतर असा जो घटक, त्यातला बदल रेसिप्रोकल लॅटिसच्या एखाद्या सदिशाइतका हवा. इलेक्ट्रॉन सरळ वरून पडत असतील तर sin θ = G/k; G म्हणजे रेसिप्रोकल लॅटिसच्या त्या सदिशाची लांबी, k म्हणजे 2π/λ आणि λ ही तरंगलांबी. 54 व्होल्टला k येतो 3.77. योग्य G घातला तर 2.91/3.77, म्हणजे साधारण 50.6 अंश. ट्रिकचा G घातला तर 42 अंश. शिवाय प्रयोगात इलेक्ट्रॉनांचा झोत मिळाला तो अणूंच्या दाट ओळींना लंब दिशेत, ट्रिक सांगते तसा ओळींच्या दिशेत नाही.

घरी बघायचं असेल तर बारीक विणीचं पातळ कापड आणि लेझर पॉइंटर घ्या. किरण कापडातून भिंतीवर पाडा, डोळ्यांवर नको. आडवे धागे आडवेच ठेवून उभे धागे तिरपे होतील असं कापड ओढा. उभी ठिपक्यांची रांग हलत नाही, कारण ती आडव्या धाग्यांना लंब असते. कलते ती आडवी रांग. ट्रिकप्रमाणे नेमकं उलटं व्हायला हवं होतं.

2π बद्दल अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य. स्फटिकशास्त्रात 2π न लिहायची पद्धत आहेच, पण मग k सुद्धा 1/λ घ्यावा लागतो. G बिनपायचा आणि k मात्र 2π/λ असं केलंत तर वरच्या गणितात 50 ऐवजी 7 अंश येतात. आधीपासून ओळखीचा असलेला कोन सहा-सात पटींनी आक्रसला की हीच चूक समजा.

राहिलं ब्रॅग. पाठ्यपुस्तकात याच प्रयोगासाठी d = 0.91 अँगस्ट्रॉम आणि 65 अंश दिलेले असतात, आणि 2d sin θ मधून 1.65 अँगस्ट्रॉम तरंगलांबी निघते. पण हे 0.91 आलं कुठून? 2.15 × sin 25° मधून. आणि 2.15 म्हणजे दाट ओळींमधलं लंब अंतर, साधारण 2π/2.91. ज्याला परीक्षेपुरतं म्हणून बाजूला सारलं, त्याच्यावरच ब्रॅगचं ते गणित उभं आहे.