मंगळसूत्राच्या बिलावरील तीन वजने आणि दोन शिक्के : एका अभिप्रायास उत्तर

ग्राहकाचा अभिप्राय : "नाशिकच्या सराफ बाजारातल्या या दुकानातून मंगळसूत्र घेतलं. बिलाचा फोटो जोडला आहे. एकाच दागिन्याची वजनं वेगवेगळी लिहिली आहेत. दुसऱ्या सराफाला दाखवलं तर तो म्हणाला, यात सोनं 17.87 ग्रॅमच आहे, बिलात मात्र 18.610. शिवाय 916 म्हणजे शुद्ध सोनं 17 ग्रॅमच, मग पैसे साडेअठराचे का? ॲपवर नंबर टाकला तर नुसतं पेंडंट दाखवतं. हॉलमार्कचे पैसे पण दोनदा घेतलेत. दोन तारे."

सप्रेम नमस्कार.

आपण शंका मोघम न मांडता बिलाच्या फोटोसह मांडली, त्यामुळे उत्तरही आकड्यांनिशी देता येते. त्याआधी एक विनंती आहे. फोटोत आपला मोबाइल क्रमांक आणि पत्ता स्पष्ट वाचता येतो, तेवढा भाग कृपया झाकावा. बिल मधोमध दुमडलेले असल्यामुळे "मणी व खडे" हा रकाना घडीत गेला आहे आणि वाचणाऱ्याला केवळ ढोबळ व निव्वळ ही दोनच वजने दिसतात, म्हणून तो रकाना येथे लिहून देतो.

बिलावर दोन नग आहेत. पहिला नग काळ्या मण्यांची साखळी असून तिचे ढोबळ वजन 16.480 ग्रॅम, मण्यांची वजावट 2.520 ग्रॅम आणि निव्वळ सोने 13.960 ग्रॅम आहे. दुसरा नग अमेरिकन डायमंडचे खडे बसवलेले पेंडंट असून त्याचे ढोबळ वजन 4.890 ग्रॅम, खड्यांची वजावट 0.240 ग्रॅम आणि निव्वळ सोने 4.650 ग्रॅम आहे. दोन्हींची बेरीज केल्यास ढोबळ 21.370, वजावट 2.760 आणि निव्वळ 18.610 ग्रॅम येते. सोन्याचा दर केवळ शेवटच्या आकड्यावर लावलेला आहे. मणी किंवा खडे असलेल्या दागिन्याच्या बिलावर तीन वजने असणे हीच योग्य पद्धत आहे. अशा दागिन्याच्या बिलावर एकच वजन दिसले, तर मात्र ग्राहकाने जरूर विचारावे, कारण तेथे काच सोन्याच्या भावाने विकली गेल्याची शक्यता असते.

आता आपल्या मुख्य शंकेकडे येतो. दुसऱ्या सराफाने सांगितलेले 17.87 ग्रॅम 21.370 मधून वजा केल्यास 3.500 ग्रॅम उरतात. वजावट अशी बरोबर साडेतीन ग्रॅम येते, यावरून त्यांच्या काट्यावरही एकूण वजन आमच्याइतकेच भरले असावे आणि फरक आहे तो मणी व खडे यांचे वजन किती धरावे एवढाच आहे. आम्ही ते 2.760 धरले, त्यांनी 3.500 धरले आणि मधले 0.740 ग्रॅम हा वादाचा विषय झाला. त्यांच्या हेतूविषयी आम्हांस काही म्हणायचे नाही. जुना दागिना पाहणाऱ्याला तारेत बांधलेले मणी सुटे करून तोलता येत नाहीत, त्यामुळे तो अंदाजाने आणि स्वतःला तोशीस लागू नये अशा बेताने वजावट थोडी जास्त धरतो. हा व्यवसायातला जुना रिवाज आहे. परंतु अंदाज आणि मोजणी यांत कोणते खरे, हे दागिना न मोडता ठरवता येते.

पेंडंट साखळीपासून सुटे होते, म्हणून प्रथम दोन्ही नग वेगवेगळे तोलावेत. आपल्या घराजवळच्या काट्यावर दोनच दशांश स्थळे असतील, तर 16.48 आणि 4.89 एवढेच दिसेल आणि ते पुरेसे आहे. पेंडंटमध्ये दोन मिलिमीटरचे 24 खडे आहेत आणि अशा एका खड्याचे वजन साधारण 10 मिलिग्रॅम भरते. हा अंदाज पाचव्या हिश्शाने चुकला, तरी एकूण फरक 0.05 ग्रॅमच्या आतच राहील. त्यामुळे 0.740 ग्रॅमचा वाद पेंडंटमध्ये असू शकत नाही, तो साखळीतच शोधावा लागतो.

साखळीत 140 मणी आहेत आणि ते आपणांस घरी बसून मोजता येतील. प्रत्येक मणी अडीच मिलिमीटर व्यासाचा काचेचा आहे. येथे एक खबरदारी आवश्यक आहे. एकच मणी काट्यावर ठेवून त्याचे वजन काढू नये, कारण दोन दशांश स्थळांच्या काट्यावर 18 मिलिग्रॅमचा मणी 0.02 असाच दिसतो आणि 140 ने गुणल्यावर ती लहानशी चूक पाव ग्रॅमहून मोठी होते. त्याच मापाचे 100 सुटे मणी एकदम तोलावेत. ते 1.80 ग्रॅमच्या आसपास भरतील, म्हणजे एक मणी 18 मिलिग्रॅमचा आणि 140 मण्यांचे 2.520 ग्रॅम. दुसऱ्या सराफाचा आकडा खरा ठरायचा, तर खड्यांचे 0.240 वगळून 3.260 ग्रॅम मण्यांकडे यावे लागतील, म्हणजे प्रत्येक मणी 23 मिलिग्रॅमहून जड असावा लागेल. काचेच्या अडीच मिलिमीटरच्या मण्यात, तोही आरपार भोक असलेल्या, एवढे वजन सहसा मावत नाही. त्याच खेपेचे सुटे मणी दुकानात ठेवलेले आहेत आणि आपण सांगाल त्या काट्यावर ते तोलून दाखवण्याची आमची तयारी आहे.

या पद्धतीलाही मर्यादा आहे आणि ती सांगणे योग्य होईल. सगळे मणी एकसारखे असतील तरच गुणाकार बरोबर येतो. लाख भरलेल्या पोकळ दागिन्यात किंवा लहानमोठे खडे जडवलेल्या नगात ही मोजणी चालत नाही. तेथे जडवण्यापूर्वी घेतलेल्या वजनाची नोंद हाच आधार असतो, म्हणून असा दागिना घेताना ती नोंद बिलावर लिहून मागावी.

शुद्धतेविषयीची आपली आकडेमोड बरोबर आहे, 18.610 ला 0.916 ने गुणल्यास शुद्ध सोने 17.047 ग्रॅमच येते. परंतु बिलावरील दर 22 कॅरेटचा आहे आणि तांबे-चांदीची भेळ त्या दरात आधीच वजा झालेली आहे. सोयीसाठी 24 कॅरेटचा दर ग्रॅमला 10,000 रुपये मानला, तर 22 कॅरेटचा दर 9,160 रुपये होतो. 18.610 ग्रॅम 9,160 ने घेतले काय किंवा 17.047 ग्रॅम 10,000 ने घेतले काय, रक्कम सुमारे 1,70,468 रुपयेच येते. वजनही 916 ने कमी केले आणि दरही 22 कॅरेटचा लावला, तर एकच घट दोनदा धरली जाते. दागिना मोडीत देताना आपल्याबाबतीत कोणी असे करत नाही ना, याकडे अवश्य लक्ष ठेवावे.

शिक्क्यांविषयी लिहायचे, तर 1 जुलै 2021 पासून हॉलमार्कमध्ये तीन खुणा असतात : भारतीय मानक ब्यूरोचे म्हणजे बीआयएसचे त्रिकोणी चिन्ह, कॅरेट व शुद्धतेचा आकडा म्हणजे येथे 22K916, आणि अक्षरे व अंक मिळून सहा स्थानांचा एचयूआयडी क्रमांक. आपल्या आईंच्या किंवा आजींच्या दागिन्यावर हॉलमार्क केंद्राचे आणि सराफाचे चिन्हही दिसेल, ती आधीची पद्धत होय, तेवढ्यावरून तो दागिना खोटा ठरत नाही. एचयूआयडी प्रत्येक नगाला स्वतंत्र मिळतो. साखळी आणि पेंडंट सुटे होणारे दोन नग असल्यामुळे क्रमांकही दोन आहेत. आपण बीआयएस केअर ॲपमध्ये जो टाकला तो पेंडंटच्या मागील बाजूचा होता. साखळीचा क्रमांक हुकाजवळच्या चपट्या कडीवर आहे आणि तो भिंगाशिवाय नीट लागत नाही. मोबाइलच्या उजेडात 8 आणि B, तसेच 0 आणि O यांची गल्लत होते, म्हणून नोंद सापडली नाही तर आधी क्रमांक पुन्हा वाचावा. नोंद उघडल्यावर दागिन्याचा प्रकार, शुद्धता, नोंदणीकृत सराफ आणि तपासणी करणारे केंद्र हे सर्व बिलाशी जुळते का, ते पाहावे.

नग दोन म्हणून शुल्कही दोनदा. एका नगाचे 45 रुपये, दोहोंचे 90, त्यावर 18 टक्के जीएसटीचे 16.20, एकूण 106.20 रुपये. हे शुल्क बिलावर वेगळे दाखवणे नियमानेच बंधनकारक आहे, तसेच नगाचे वर्णन, निव्वळ वजन आणि कॅरेटसह शुद्धता लिहिणेही.

मात्र शिक्क्याकडून एक गोष्ट अपेक्षू नये. शिक्का सोन्याची शुद्धता सांगतो, वजनाची हमी देत नाही. मणी किती ग्रॅमचे आहेत हे 22K916 वरून कधीच कळणार नाही, त्यासाठी काटाच लागतो. आमचा काटा वैधमापन शास्त्र विभागाकडून पडताळलेला असून प्रमाणपत्र काट्याशेजारी लावलेले आहे.

शुद्धतेबद्दलही खात्री वाटत नसेल, तर आमच्या शब्दावर विसंबण्याची गरज नाही. बीआयएसची मान्यता असलेल्या कोणत्याही हॉलमार्क केंद्रात ग्राहकाला स्वतःचा दागिना तपासून घेता येतो आणि चार नगांपर्यंत त्याचे शुल्क 200 रुपये आहे. केंद्र आपणच निवडावे. शुद्धता शिक्क्यापेक्षा कमी निघाली, तर बीआयएसच्या 2018 च्या नियमांनुसार विकलेल्या वजनावर शुद्धतेच्या तुटीची जी रक्कम होईल तिच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचे शुल्क सराफाने द्यायचे असते. उदाहरणार्थ, 916 ऐवजी 900 निघाले, तर 18.610 ग्रॅमवर तूट सुमारे 0.298 ग्रॅम शुद्ध सोन्याची होईल, वर मानलेल्या दराने ती 2,980 रुपयांच्या जवळपास जाते आणि भरपाई त्याच्या दुप्पट. अहवाल आल्यावर आपण तो याच ठिकाणी जसाच्या तसा जोडावा.

वजनासाठी येताना साखळी, पेंडंट आणि मूळ बिल सोबत आणावे. शक्य असल्यास त्या दुसऱ्या सराफांनाही घेऊन यावे, मणी त्यांच्यासमोरच तोलू.

— संचालक, सराफ बाजार, नाशिक