"पुढचा ब्रेक" आणि पावसाळा: एका कमेंटला उत्तर

"दादा, पुढचा ब्रेक मेन म्हणून लिहिलंत पण पावसात पुढचा दाबला की माणूस थेट तोंडावर. मी मागचाच वापरते, काकांनी तसंच शिकवलं आणि ते आजवर पडले नाहीत. रिकाम्या रस्त्यावर प्रॅक्टिस करून काय होतं? खऱ्या वेळी सगळं विसरतो. माझा भाऊ आत्ताच स्कूटर शिकतोय, तुमचं वाचून आपटेल."

ताई, काकांचं एक बरोबर आहे, सुट्या खडीवर पुढचा ब्रेक जोरात मारायचा नाहीच. पण ओल्या डांबरावर माणूस आपटतो तो पुढच्या ब्रेकमुळे नाही, तो एकदम ओढल्यामुळे. ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढे सरकतं आणि पुढचा टायर रस्त्यावर दाबला जातो, पण याला क्षणभर लागतो, त्याआधीच लिव्हर करकचून ओढला तर हलकं असलेलं चाक लॉक होतं आणि गाडी खालून निघून जाते. म्हणून आधी लिव्हर हलका घ्यायचा, पुढचं सस्पेन्शन खाली बसलेलं जाणवलं की मग दाबत जायचं. उलट मागचं चाक ब्रेक लागताच हलकं होतं, म्हणून एकट्या मागच्यावर थांबायला कोरड्यातही जवळजवळ दुप्पट अंतर लागतं. आणि तुमची स्कूटर गेल्या काही वर्षांतली असेल तर त्यात बहुधा सीबीएस असणार, म्हणजे मागच्या ब्रेकचा डावा लिव्हर दाबला की थोडा पुढचाही लागतोच, तुम्ही तो वापरताय फक्त माहीत नाही 🙂

आता मुंबईत खरं कुठे पडतात ते बघू, सिग्नलवरचे ओले पांढरे पट्टे. समजा एस. व्ही. रोडवर जुलैच्या पावसात 40 च्या स्पीडने चाललाय आणि स्टॉप लाइन 20 मीटरवर असताना पिवळा लागला. मेंदू आणि हात हलेपर्यंत एक सेकंद गेला, म्हणजे 11 मीटर संपले. उरलेल्या 9 मीटरमध्ये ओल्या डांबरावर नीट ब्रेक मारला तरी रेषेवर पोचताना स्पीड अजून 20 च्या आसपास असतो, आणि पुढे लगेच झेब्रा. बहुतेक लोक नेमके इथे घाबरून लिव्हर आणखी आवळतात, तेही रंगावर, जिथे पकड डांबरापेक्षा खूप कमी. करायचं उलट, पट्टा चाकाखाली येतोय दिसला की लिव्हर थोडा सैल. झेब्राचे पट्टे आपल्या जाण्याच्या दिशेनेच लांब असतात आणि दोन पट्ट्यांमध्ये साधारण अर्धा मीटर डांबर असतं, नजर त्या डांबरावर ठेवून दोन्ही चाकं तिथून न्यायची, मग हलका ब्रेक चालू ठेवता येतो. झेब्राच्या जरा पुढे थांबाल, हवालदार बघेल, पण उभे असाल. (स्टॉप लाइन आडवीच असते, तिच्यावर मात्र सैल सोडण्याशिवाय इलाज नाही.)

ऑइलचं वेगळं. रिक्षा स्टँड, बस स्टॉप, सिग्नलची रांग, जिथे गाड्या उभ्या राहून ठिबकतात तिथे, आणि पहिल्या पावसात ते सगळं वर येतं. ओल्या रस्त्यावर इंद्रधनुष्य दिसलं तर ब्रेक नाही, ॲक्सिलरेटर जसा आहे तसा, हँडल सरळ, आणि पार झाल्यावरही थोडा वेळ टायर तेलकटच असतो. तिथे थांबावंच लागलं तर पाय टेकताना जपून, गाडी नाही तर चप्पल घसरते. खोदकामाच्या खडीचं सोपं आहे, सगळा ब्रेक खडीच्या आधी, खडीवर सरळ, गाडी आडवी न करता.

"विसरतो" म्हणता ते खरंय, म्हणूनच प्रॅक्टिस, कारण त्या वेळी डोकं नाही, सवय चालते. रविवारी सकाळी सोसायटीच्या सरळ, कोरड्या, रिकाम्या रस्त्यावर भावाला हेल्मेट, ग्लोव्हज, बूट घालून न्या. खडूने एक रेघ मारा, 20 च्या स्पीडने रेघेवर येऊन दोन्ही ब्रेक, आधी हलका मग दाबत, नजर समोर, लिव्हरकडे नाही. थांबण्याचं अंतर सारखं यायला लागलं की 30. मग तेच ओल्या रस्त्यावर पुन्हा 20 पासून. हँडल एकदम हलकं लागलं तर पुढचं चाक लॉक होतंय, लगेच सैल करून पुन्हा हळू दाबायचं. मागचं लॉक झालं तर शेपूट हलते, गाडी सरळ असतानाच सैल करायचं. एबीएसवाली गाडी असेल तर लिव्हर थरथरतो, तेव्हा सोडायचं नाही, धरून ठेवायचं. ऑइलवर किंवा रंगावर मुद्दाम ब्रेक मारून बघू देऊ नका, तिथे फक्त लिव्हर सैल ठेवून सरळ जायचं शिकवायचं.

आणि काकांना विचारा, उतारावर समोर रिक्षा अचानक थांबली तर ते नुसत्या मागच्या ब्रेकवर किती लांब थांबतात. अंदाजाने नको, खडूने मोजून.