झूम एफएफटीने रिझोल्यूशन फुकट मिळत नाही

> "मोठा एफएफटी कशाला? हवी ती फ्रिक्वेन्सी शून्यावर आणा, दर ६४ वा नमुना ठेवा आणि छोटा डीएफटी घ्या. त्याच डेटातून कितीतरी बारीक रिझोल्यूशन मिळतं. फिल्टर लावलाच पाहिजे असं नाही. आणि काम झटपट होतं."

झूम एफएफटीबद्दलचे हे दावे एकेक करून तपासू. आधी रिझोल्यूशनचं पाहू. समजा नमुनादर ८१९२ हर्ट्झ आहे आणि १००० हर्ट्झच्या आसपासचा पट्टा हवा आहे. १०२४ नमुन्यांच्या साध्या एफएफटीत दोन बिनांमध्ये, म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या शेजारच्या दोन रेषांमध्ये, ८ हर्ट्झचं अंतर राहतं. १००० हर्ट्झने डिमॉड्युलेट करून, म्हणजे ती फ्रिक्वेन्सी शून्यावर आणून, ६४ ने डेसिमेट केलं, म्हणजे दर ६४ वा नमुनाच ठेवला, की दर १२८ हर्ट्झवर येतो आणि २५६ बिंदूंच्या डीएफटीत हे अंतर अर्धा हर्ट्झ होतं. आकडा खरा आहे, पण ते २५६ नमुने जमायला मूळचे १६,३८४ नमुने लागले, म्हणजे २ सेकंदांचं रेकॉर्डिंग. पहिल्या एफएफटीचं काम सेकंदाच्या आठव्या भागात झालं होतं. तेच १६,३८४ नमुने थेट मोठ्या एफएफटीला दिले तरी अंतर अर्धा हर्ट्झच येईल.

हातात १०२४ नमुनेच असतील, तर डेसिमेशननंतर १६ उरतात आणि बिनांमधलं अंतर पुन्हा ८ हर्ट्झ. शून्यं जोडून २५६ बिंदू केले की आलेख छान गुळगुळीत दिसतो, आणि फसगत नेमकी तिथेच होते: १००० आणि १००१.५ हर्ट्झचे दोन टोन त्यात एकाच उंचवट्यात दडलेले असतात. २ सेकंदांचा डेटा आणि हॅन विंडो घेतली तर त्यांची दोन शिखरं वेगळी दिसतात.

फिल्टरबद्दलचं विधान मात्र सरळ घातक आहे. त्या कृतीचा कोड एवढाच होतो:

```python
y = (x * np.exp(-2j*np.pi*1000*n/8192))[::64]
```

यात १२५८ हर्ट्झचा एखादा नको असलेला टोन असेल, तर तो सरकून २५८ हर्ट्झवर येतो. नवा दर १२८ असल्यामुळे त्यातून २५६ वजा होतात आणि तो २ हर्ट्झवर बसतो. तुम्हाला १००२ हर्ट्झवर एक रेष दिसते, जी सिग्नलमध्ये नाहीच. बाहेरचा टोन नसला तरी सुटका नाही. वास्तव संख्यांच्या सिग्नलमधल्या १००० हर्ट्झच्या टोनला −१००० वर जोडीदार असतो. तो −२००० वर सरकतो आणि दुमडून ४८ वर येतो. म्हणजे एका शुद्ध टोनच्या दोन सारख्याच उंचीच्या रेषा, १००० आणि १०४८ वर.

खोटी रेष ओळखायला "मध्य फ्रिक्वेन्सी थोडी हलवून पाहा" असं सांगितलं जातं. त्याने काही कळत नाही. मध्य १००३ केला तरी ती रेष १००२ वरच दिसते, कारण दुमडणं नव्या दराच्या पटीत होतं आणि मध्याशी त्याचा संबंध नसतो. बदलायचा तो डेसिमेशनचा गुणक. तोही जपून, कारण ६४ ऐवजी ३२ घेतला तर दर २५६ होतो आणि रेष जागची हलत नाही. ५० घ्या: ती ९३० च्या जवळ पळते, खरी रेष जागेवर राहते.

फिल्टर लावूनही पूर्ण १२८ हर्ट्झचा पट्टा वापरता येत नाही. मध्यापासून ±५० हर्ट्झ स्वच्छ हवे असतील, तर ७८ च्या पुढचं सगळं दबलेलं पाहिजे, कारण ७८ दुमडून −५० वर पडतं. म्हणून २५६ पैकी मधल्या साधारण २०० रेषांवरच विश्वास ठेवायचा. फिल्टर भरेपर्यंतचे सुरुवातीचे नमुनेही टाकून द्यायचे.

राहिला वेगाचा दावा. ५० ते ७८ हर्ट्झमध्ये ८० डेसिबलची घट हवी असेल, तर ८१९२ हर्ट्झवर चालणाऱ्या एफआयआर फिल्टरला साधारण १४७० गुणक लागतात. फक्त ठेवायचे तेच नमुने मोजले, तरी नमुने कॉम्प्लेक्स असल्यामुळे दर गुणकामागे दोन, असे दर मूळ नमुन्यामागे ४६ च्या आसपास गुणाकार होतात. १६,३८४ बिंदूंच्या साध्या रॅडिक्स-२ एफएफटीत ते सुमारे २८ असतात आणि वास्तव सिग्नलसाठीची युक्ती वापरली तर त्याच्याही निम्मे. म्हणजे एका टप्प्यातला झूम चक्क हळू! आधी १६ ने आणि मग ४ ने, असं दोन टप्प्यांत डेसिमेट केलं तर सुमारे १०० आणि ९० गुणकांचे फिल्टर पुरतात आणि डिमॉड्युलेशन धरून हिशेब १७-१८ गुणाकारांवर येतो. तरीही फार मोठी मजल नाही.

खरा फायदा मेमरीत आहे. नमुने येतील तसे फिल्टरमधून जातात आणि १६,३८४ साठवण्याऐवजी २५६ कॉम्प्लेक्स नमुने ठेवून भागतं. छोट्या मायक्रोकंट्रोलरवर एका अरुंद पट्ट्यावर सतत नजर ठेवायची असेल तर ही रचना शोभते. डिस्कवरच्या फाइलचं विश्लेषण लॅपटॉपवर करायचं असेल, तर मी सरळ मोठा एफएफटी घेऊन हव्या तेवढ्या बिना कापून घेतो.