तिमाहीचं दोन तृतीयांश माप पहिल्याच महिन्यात पदरात पडतं

"तीनही महिने उत्पादन जागच्या जागी आहे, वाढ शून्य. मग तुमचा तिमाहीचा अंदाज दोन टक्के कसा?" हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेला आहे की आता सविस्तर लिहूनच टाकते. माझं रोजचं काम हेच आहे: जीडीपीचा तिमाही आकडा अधिकृतपणे यायच्या आधी, दर महिन्याला येणाऱ्या निर्देशकांवरून तो आत्ता किती असेल हे काढायचं. याला नाऊकास्ट म्हणतात. या कामात जी चूक मी सगळ्यात जास्त वेळा पाहते, तीच या प्रश्नात दडलेली आहे.

एक साधं उदाहरण घ्या. मागच्या तिमाहीत उत्पादनाची पातळी महिन्यागणिक १००, १००, १०३ होती. सरासरी १०१. या तिमाहीत ती १०३, १०३, १०३ राहिली. या तीन महिन्यांतली मासिक वाढ खरंच शून्य आहे. पण तिमाहीची तुलना होते ती सरासरीची सरासरीशी, म्हणजे १०३ विरुद्ध १०१. वाढ जवळजवळ २ टक्के. ही सगळी वाढ मागच्या तिमाहीच्या शेवटच्या महिन्यात झाली होती, आणि ती मोजली गेली या तिमाहीत.

आता तीच ३ टक्क्यांची उडी जागा बदलून बघा. या तिमाहीच्या पहिल्या महिन्यात आली तर तिमाहीची वाढ पूर्ण ३ टक्के. तिसऱ्या महिन्यात आली तर पातळी १००, १००, १०३, म्हणजे वाढ फक्त १ टक्का, आणि उरलेली पुढच्या तिमाहीच्या खात्यात. हेच सूत्रात मांडलं तर असं दिसतं. y म्हणजे तिमाहीची वाढ, x म्हणजे या तिमाहीतली मासिक वाढ, p म्हणजे मागच्या तिमाहीतली, आणि पुढचा अंक म्हणजे तिमाहीतला कितवा महिना:

```
y = 1/3·x3 + 2/3·x2 + x1 + 2/3·p3 + 1/3·p2
```

यातले गुणक म्हणजे त्या-त्या महिन्याचं वजन. मारियानो आणि मुरासावा या अर्थतज्ज्ञांनी २००३ साली हीच वजनं फॅक्टर मॉडेलमध्ये, म्हणजे अनेक निर्देशकांतली सामाईक हालचाल पकडणाऱ्या मॉडेलमध्ये, बसवली. वजनांची बेरीज तीन. त्यातलं एक मागच्या तिमाहीत, एक पहिल्या महिन्यात, आणि उरलेलं एक शेवटच्या दोन महिन्यांत मिळून. म्हणजे पहिला महिना सरला की दोन तृतीयांश वजन मागे पडलेलं असतं. आकडे हातात यायला वेळ लागतो ही गोष्ट वेगळी. (जिथे गेल्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी तुलना करून दर सांगतात, तिथे तीन महिन्यांच्या वार्षिक वाढीची सरासरी बऱ्यापैकी चालते. बरेच जण तीच सवय इथे घेऊन येतात आणि फसतात.)

माझ्या एका जुन्या मॉडेलमध्ये मी तिमाहीचा आकडा तक्त्यात तिसऱ्या महिन्यासमोर लिहायच्या ऐवजी पहिल्या महिन्यासमोर लिहिला होता. प्रोग्राम विनातक्रार चालला, आलेख गुळगुळीत आला, आणि महिनोन्‌महिने कुणाला काही खटकलं नाही. कारण अंदाज वेडेवाकडे येत नव्हते, फक्त प्रत्येक वळण उशिरा पकडत होते. तेव्हापासून मी एक तपासणी कधीच चुकवत नाही: मॉडेलच्या मासिक वाढीत एकेका महिन्याला १ टक्क्याचा धक्का द्यायचा आणि तिमाही किती हलते ते बघायचं. एक तृतीयांश, दोन तृतीयांश, एक, दोन तृतीयांश, एक तृतीयांश असा डोंगर दिसला नाही, तर पुढचं काहीही वाचण्यात अर्थ नाही.

आता ही मासिक वाढ येते कुठून? जीडीपी महिन्याला मोजलाच जात नाही. आपल्याकडे असतं औद्योगिक उत्पादन, निर्यात, विजेचा वापर, खरेदी व्यवस्थापकांचं सर्वेक्षण, असे वीस-पंचवीस निर्देशक. सगळे एकदम रिग्रेशनमध्ये घालायचे म्हटलं तर वीस वर्षांत तिमाह्या मिळतात अवघ्या ऐंशी. तेवढ्यात पंचवीस निर्देशक आणि त्यांचे मागचे महिने मावत नाहीत. पण हे निर्देशक बरेचसे एकत्रच वर-खाली होतात. ती सामाईक हालचाल म्हणजे फॅक्टर. एक-दोन फॅक्टर बहुतेक वेळा पुरतात. उरतो तो प्रत्येक निर्देशकाचा स्वतःचा गोंगाट.

जीडीपीचं काय, तर त्याच्या रकान्यात तीनपैकी दोन महिने रिकामे ठेवायचे. कालमन फिल्टर, म्हणजे नवा आकडा येईल तसा अंदाज सुधारत जाणारी गणिती पद्धत, त्याला रिकामी जागा चालते. तो फॅक्टरवरून तिथला अंदाज धरतो आणि किती खात्रीने धरला तेही सांगतो. महिन्याच्या शेवटी सर्वेक्षण आलेलं असतं पण औद्योगिक उत्पादन यायला अजून काही आठवडे असतात, ही वाकडीतिकडी कडसुद्धा तो तशीच हाताळतो.

माझ्या मते या पद्धतीतली सगळ्यात मोलाची गोष्ट अंदाजाचा आकडा नाही, तो का हलला याचा हिशेब आहे. मॉडेलला औद्योगिक उत्पादन ०.४ टक्के वाढेल असं वाटत होतं आणि ०.९ आलं, तर नवी माहिती ०.५ एवढीच. त्या निर्देशकाचं त्या दिवशीचं वजन ०.३ असेल तर नाऊकास्ट ०.१५ ने वर जाईल, १.२ वरून १.३५ वर. उलट ०.४ च्या अपेक्षेवर ०.२ आलं, तर उत्पादन वाढूनही नाऊकास्ट खाली येईल, आणि ते बरोबरच असेल. वजनही कायम नसतं. सर्वेक्षण महिन्याच्या सुरुवातीला भारी, कारण तेव्हा दुसरं काहीच हातात नसतं. प्रत्यक्ष उत्पादनाचे आकडे आले की त्याच महिन्याच्या सर्वेक्षणाला फारसं सांगण्यासारखं उरत नाही. म्हणून "कोणता निर्देशक सर्वांत चांगला" या प्रश्नाला "कोणत्या तारखेला?" हे विचारल्याशिवाय मी उत्तर देत नाही.

ही पद्धत कुठे मोडते तेही सांगायला हवं. वरची वजनं मुळात लॉगरिदमची आहेत. मासिक वाढ एक-दोन टक्के असेल तर लॉग आणि टक्का जवळपास सारखेच. पण पातळी १०० वरून ६० वर पडली, मग ८०, मग १०० झाली असं धरा. तिमाहीची सरासरी ८०, म्हणजे घट २० टक्के. टक्के घालून सूत्र चालवलं तर -४०, +३३.३ आणि +२५ यांतून निघते जेमतेम साडेनऊ टक्क्यांची घट. लॉग घेतले तर जवळपास पावणेबावीस टक्के. २०२० मध्ये असे धक्के प्रत्यक्षात बसले, आणि टक्क्यांवर चालणारं मॉडेल अशा वेळी निम्मी पडझड गिळून टाकतं. त्याहून वाईट म्हणजे ते दोन-तीन महिने पुढच्या सगळ्या अंदाजांना वेठीस धरतात. मॉडेलला वाटतं की गोंगाट आता कायमचाच मोठा झाला. न्यूयॉर्क फेडने, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या न्यूयॉर्क शाखेने, आपला नाऊकास्ट सप्टेंबर २०२१ मध्ये थांबवला आणि नवं मॉडेल बांधून सप्टेंबर २०२३ मध्ये पुन्हा सुरू केला. चालू असलेला आकडा थांबवणं सोपं नसतं, आणि त्यांनी ते केलं याचा मला आदर वाटतो.

त्यांची आणखी एक सवय मला सगळ्यांनी उचलायला हवी असं वाटतं. ते आकड्यासोबत अपेक्षा किती होती, आलं किती आणि त्यामुळे अंदाज किती हलला याचा तक्ताही देतात. नुसता "१.३५" छापला की वाचणाऱ्याला वाटतं अर्थव्यवस्था एका आठवड्यात सुधारली. शेजारी "औद्योगिक उत्पादन, अपेक्षा ०.४, आलं ०.९" एवढं लिहिलं, की त्याला कळतं सुधारलेली आहे ती आपली माहिती, आणि ती उडी ज्या महिन्यातली आहे तो महिना तर कधीच मागे पडलेला आहे.