‘बंटीचे बाबा’ इंग्रजीत कसे सांगावेत

घरी परदेशी सून येणार असेल, जावई येणार असेल, नाहीतर मुलाच्या ऑफिसातला कुणी पाहुणा येणार असेल, तर फराळाच्या आधी एक तयारी करून ठेवा. नवऱ्याला तुम्ही काय म्हणून हाक मारता आणि का मारता, याची चार वाक्यं इंग्रजीत पाठ करा. नाहीतर माझ्यासारखी फजिती होईल.

गेल्या रविवारी आम्ही सिंहस्थासाठी खोदून ठेवलेल्या रस्त्यांतून वाट काढत सोमेश्वरच्या पुढे मिसळ खायला गेलो होतो. मी, हे, जर्मनीहून आलेला मुलगा, त्याची जर्मन बायको, पुण्याची पुतणी आणि भाचेजावई. रश्श्याची वाटी आली, पापड आला, आणि मी रोजच्या सवयीने म्हणाले, “बंटीचे बाबा, पापड घ्या ना, मऊ पडेल.” झालं! सूनबाईंनी चमचा खाली ठेवला. गेले आठ दिवस तिच्या मनात होतंच. मी त्यांना बंटीचे बाबा का म्हणते? ते माझे कुणी नाहीत का?

तर पहिला सल्ला. अशा वेळी मुलाला बोलू द्या. त्याला सगळं माहीत असतं. आमचा बंटी लगेच सरसावला, “इट्स अ रिस्पेक्ट थिंग. इन अवर कल्चर शी कान्ट टेक हिज नेम.” सूनबाईंनी निरागसपणे विचारलं, “टेक इट व्हेअर?” नाव घेऊन जायचं कुठे? मला मनापासून हसू आलं, पण तोंडात रस्सा होता.

दुसरा सल्ला: सोबत एक पुण्याची पुतणी ठेवा. ती “इट्स पेट्रिआर्की” एवढंच म्हणते आणि दही मागते.

तिसरा: एक वाचलेला भाचेजावईही हवा. आमचे म्हणाले, याला टेक्नॉनिमी म्हणतात. टायलर नावाच्या इंग्रज विद्वानाने 1889 साली हा शब्द काढला, ग्रीक भाषेत टेक्नॉन म्हणजे मूल. जगात कुठे कुठे ही चाल आहे तेही त्यांनी सांगितलं. सूनबाई टिपून घेत होत्या. बंटीचे बाबा जिलबी खात होते. आपल्यावर इतका अभ्यास झालाय याची त्यांना गंधवार्ता नव्हती.

भाचेजावयांना म्हटलं, ग्रीसपर्यंत कशाला जाता, पंचवटी इथून किती लांब आहे? सीता रामाला काय म्हणायची? आर्यपुत्र. म्हणजे थोरांचा, सासऱ्यांचा मुलगा. तेव्हा बायको नवऱ्याला त्याच्या बापावरून ओळखायची, आम्ही पोरावरून ओळखतो. नाव तेव्हाही चुकवलं होतं, आजही चुकवलंय, फक्त पिढी खाली सरकली. यावर ते म्हणाले, “इंटरेस्टिंग.” हा शब्द मराठीत आला की समजावं, विषय संपला.

चौथा सल्ला व्याकरणाचा, आणि तो नीट ऐका. ‘बंटीचे बाबा’ यातलं सगळं काम ‘चे’ करतो. ‘बंटीचा बाबा’ म्हटलं तर शेजारीण भांडायला आल्यासारखं वाटतं. ‘चे’ म्हटलं की आदर आला, आणि ‘अहो’ न म्हणताही ‘अहो’ आलं. आता हे इंग्रजीत न्या. ‘बंटीज फादर’ म्हटलं की शाळेच्या पालकसभेची चिठ्ठी होते. आदर ठेवायचा म्हणून अनेकवचन करावं तर ‘बंटीज फादर्स हॅव कम’ होतं, आणि सूनबाई दाराकडे बघतील, एकूण किती आलेत म्हणून. त्यातही गंमत पाहा. मी त्यांना म्हणते बंटीचे बाबा, ते मला म्हणतात बंटीची आई. ‘च्या आई’ नाही, ‘ची आई’. त्यांना चे, मला ची. ही एक मात्रा बंटीच्या ‘रिस्पेक्ट थिंग’मध्ये कुठे बसते, ते त्याला विचारलं पाहिजे. मी विचारलं नाही, कारण सूनबाईंसमोर मुलाचा पाणउतारा करायचा नाही, हेही आमचं कल्चर.

आदराचं निघालंच आहे म्हणून सांगते. 1989 साली लग्नात यांनी तांदळाच्या ताटात अंगठीने माझं नवं नाव लिहिलं. तीन अक्षरी. दोन दिवस डोकं लावून शोधलं होतं म्हणे. माहेरचं नाव पुसलं, ठीक आहे, रीतच होती. पण पुसून जे लिहिलं, ते छत्तीस वर्षांत यांनी एकदाही उच्चारलेलं नाही! रेशनकार्डावर आहे, गॅसच्या पुस्तकावर आहे, यांच्या तोंडात नाही. बंटी होईपर्यंत दोन वर्षं मी ‘ऐकलंस का’ होते. मग बारशाच्या दिवशी पाळणा बांधताना दोरी पुरेना, तेव्हा स्टुलावरून यांनी हाक मारली, “बंटीची आई, ती दुसरी दोरी दे.” घर पाहुण्यांनी भरलेलं. सासूबाईंनी मान वर करून पाहिलं. हे कानापर्यंत लाल झाले. मी दोरी दिली. त्या हाकेत काय होतं ते मला कळलं, त्यांनाही कळलं. आता हे ‘टेंडरनेस’ म्हणून सांगायचं? सांगा. टेंडर म्हटलं की नाशकात महापालिका आठवते.

पाचवा सल्ला: टपालाचा भाग लपवा. म्हणजे “बंटी, बाबांना विचार, जेवायला बसणार का” असं बाबा समोर बसलेले असताना म्हणायचं, तो. अबोला असला की सगळा व्यवहार पोरामार्फत चालायचा. बाबांचं उत्तरही त्याच टपालाने यायचं, “आईला सांग, भूक नाही.” पाच मिनिटांनी आईला सांगितलं जायचं, की आमटी छान झालीये. पोरगं मधे उभं राहून दोघांकडे बघायचं आणि निरोपात आपल्या पदरचं घालायचं. “बाबा सॉरी म्हणालेत,” असं बाबा न म्हणताच यायचं. अर्धे अबोले त्यानेच मोडलेत. आता पोरगं जर्मनीत, तरी टपाल चालूच आहे. रात्री व्हिडिओवर मी बंटीला म्हणते, “बाबांना सांग रे, बीपीची गोळी राहिली.” हे माझ्या शेजारी त्याच सोफ्यावर, दोन फुटांवर. निरोप जर्मनीला जातो, तिथून परत येतो, मग गोळी घेतली जाते. मी थेट सांगितलं तर घेत नाहीत.

सहावा. नाव उपयोगी पडतं, असं कुणी म्हणालं तर सिंहस्थाची गोष्ट सांगू नका, तिथे आपली बाजू फार मजबूत होते आणि वाद लवकर संपतो. 2015 ची दुसरी पर्वणी, 13 सप्टेंबर, पिठोरीची अमावास्या. रामकुंडाच्या गर्दीत यांचा हात सुटला. मी “अहो!” म्हणून ओरडले तर पन्नास पुरुष वळले. हरवल्या-सापडल्याच्या मंडपात गेले. माइकवाला म्हणाला, काकू नाव सांगा. मला बोलवेना, कागदावर लिहून दिलं. त्याने तीनदा पुकारलं, नावासकट आडनाव, मुक्काम नाशिक. कुणी फिरकलं नाही. अर्धा तास गेला. शेवटी मी म्हटलं, दादा, ‘बंटीचे बाबा’ म्हणा. त्याने हसत हसत म्हटलं. पाच मिनिटांत हे धोतर सावरत, धापा टाकत मंडपात, “काय झालं बंटीला?” बंटी तेव्हा पुण्यात नोकरीला, चोवीस वर्षांचा घोडा. स्वतःचं नाव तीनदा ऐकून म्हणे वाटलं, आपल्याच नावाचा कुणी दुसरा असेल.

आता हे सांगा इंग्रजीत. घ्या, माइक घ्या.

आणि एक सांगायचंच राहिलं, जे मिसळीच्या टेबलावर कुणालाच आठवलं नाही. माझ्या नणंदेला मूल नाही. मग ती नवऱ्याला काय म्हणणार, आणि ते तिला काय म्हणणार? पुष्कळ वर्षं दोघं नुसती ‘अहो’ आणि ‘अगं’ वर राहिली. आमचा बंटी बोलायला लागला, तिच्या मागे मागे फिरायला लागला, आणि एके दिवशी भाऊजींनी ओट्याकडे बघत हाक मारली, “बंटीची आत्या, चहा टाकतेस का?” तिने मागे वळून पाहिलं नाही. आधण ठेवलं. साखर दोनदा घातली. तो चहा आम्ही सगळे गोडमिट्ट प्यायलो, कुणी काही बोललं नाही. तेव्हापासून आजतागायत ती बंटीची आत्या आणि ते बंटीचे काका, आपसात, घरात, आमच्यापैकी कुणी नसतानाही. माझ्या पोराचं नाव दोन घरांत पुरलंय. ज्या बाईला मूल नाही तिला ही चाल किती टोचू शकते, तेही त्याच चहात होतं. पेट्रिआर्की म्हणणारीला ते दिसलं असतं तर मी तिचं दही स्वतः वाढलं असतं.

पण तिला दिसलं नाही, कारण बघायचंच नव्हतं. पुरे झाला आता हा सल्ल्याचा खेळ. तुम्हाला सांगते, मला राग सूनबाईंचा नाही. तिने सरळ प्रश्न विचारला, तिला उत्तर हवं होतं. राग आमच्या या तिघांचा. एकाने आदर म्हणून झेंडा लावला, एकीने जुलूम म्हणून फुली मारली, तिसऱ्याने लेबल चिकटवलं, आणि जिने चौतीस वर्षं ही हाक मारली तिला कुणी विचारलं नाही, की काकू, तुम्ही का मारता? मी तिथेच बसले होते! मला इंग्रजी येत नाही म्हणून मी पापडासारखी टेबलावर ठेवलेली वस्तू झाले का? यात आदर आहे, धाक आहे, लाज आहे, नवऱ्याचं आयुष्य कमी होईल ही खुळी भीती आहे आणि मायाही आहे, सगळं एकाच हाकेत कालवलेलं. तुम्हाला वेगळं काढता येत नसेल तर गप्प बसा. आणि पुतणीबाई, तुम्ही घरी नवऱ्याला ‘पप्पा’ म्हणता. आर्याचे नाही, नुसते पप्पा. मी ऐकलंय.

बंट्या, तुझ्याशी वेगळं बोलायचंय. तुझं नाव आम्ही चौतीस वर्षं वापरलं. भांडताना वापरलं, गर्दीत वापरलं, आत्याला उसनं दिलं. भाडं कधी मागितलं नाहीस म्हणून आभार. पण आता बायकोने विचारलं तर ‘इन अवर कल्चर’ सुरू करू नकोस. “आईला विचार,” म्हण. मी सांगेन मराठीत, हातवारे करून. तिला किती कळेल ते ती बघेल. परवा मी न बोलता पोळीचा डबा पुढे सरकवला तर “बंटीचे बाबा, पोळी?” म्हणून तिने तो यांच्यापुढे धरला. ‘चे’ सकट. यांनी चौथी पोळी घेतली, जी डॉक्टरांनी बंद केलीये. त्या वेळी तू फोनमध्ये डोकं घालून होतास.